उपाहारगृहातील टेबलांची वाटणी : जुळणीच्या सिद्धांताचे एक उदाहरण

पंगतीत माणसांना बसविण्याचा प्रश्न हा निव्वळ मोजणीचा असतो. बत्तीस पाने मांडली असतील तर बत्तीस माणसे बसतात. ती एका घरची आहेत की दहा घरची, याच्याशी हिशेबाला कर्तव्य नसते. उपाहारगृहात मात्र बत्तीस खुर्च्या असतानाही सोळाच माणसे बसली आहेत, सोळा खुर्च्या रिकाम्या आहेत आणि दारात वीस माणसे ताटकळत उभी आहेत, असे दृश्य रविवारच्या संध्याकाळी सहज आढळते. याचे कारण असे की, येथे खुर्च्या टेबलांभोवती विभागलेल्या असतात आणि माणसे गटागटाने आलेली असतात. टेबल तोडता येत नाही, गटही तोडता येत नाही. या दोन अविभाज्यतांमुळे बेरजेच्या प्रश्नाचे रूपांतर जुळणीच्या प्रश्नात होते.

प्रश्नाचे सर्वांत साधे रूप प्रथम घेणे इष्ट होईल. एका टेबलावर एकच गट बसतो; एक गट एकाच टेबलावर बसतो; गटातील माणसांची संख्या टेबलाच्या खुर्च्यांपेक्षा अधिक नसावी, एवढीच अट आहे; आणि सर्व टेबले रिकामी असून सर्व गट दारात हजर आहेत. अधिकांत अधिक माणसे बसतील अशी वाटणी कोणती?

समजा, उपाहारगृहात आठ टेबले आहेत : दोन खुर्च्यांची दोन, चार खुर्च्यांची चार आणि सहा खुर्च्यांची दोन. एकूण खुर्च्या ३२. दारात दहा गट उभे असून, आल्या क्रमाने त्यांतील माणसांची संख्या २, २, ३, २, ३, ५, ४, ६, ४, ५ अशी आहे. एकूण माणसे ३६.

व्यवस्थापकाने लक्षच घातले नाही आणि ज्याला जे टेबल आवडेल ते घेऊ दिले, तर काय होईल? खिडकीजवळची सहा खुर्च्यांची दोन प्रशस्त टेबले पहिली दोन जोडपी पटकावतील. पुढचे तिघे, दोघे आणि तिघे चारांच्या तीन टेबलांवर बसतील. पाचांच्या गटाला जागा नाही. चारांचा पहिला गट चारांच्या उरलेल्या टेबलावर बसेल आणि त्यानंतरचे सहा, चार व पाच जण तसेच उभे राहतील. बसलेली माणसे सोळा. दोन खुर्च्यांची दोन्ही टेबले मोकळी असूनही त्यांचा कोणालाच उपयोग नाही. वर वर्णिलेले दृश्य ते हेच.

थोडा अनुभवी व्यवस्थापक याहून चांगले काम करतो. गट येतील त्या क्रमानेच तो त्यांना घेतो, परंतु प्रत्येक गटाला मावेल असे सर्वांत लहान टेबल देतो. मग पहिली दोन जोडपी दोनांच्या टेबलांवर जातात. तिघे, तिसरे जोडपे, पुन्हा तिघे आणि चौघे अशी चारांची चार टेबले भरतात. पाच आणि सहा जणांना मोठी टेबले मिळतात. चौघांचा दुसरा गट आणि पाचांचा दुसरा गट राहतात. बसलेली माणसे सत्तावीस. केवळ टेबल निवडण्याच्या शिस्तीने अकरा माणसांचा फरक पडला, ही गोष्ट लहान नव्हे.

तरीही ही वाटणी सर्वोत्तम नाही. गट आल्या क्रमाने न घेता मोठ्याकडून लहानाकडे घेतले, म्हणजे ६, ५, ५, ४, ४, ३, ३, २, २, २ असे लावले, आणि ज्याला मावेल असे एखादे टेबल मोकळे आहे त्याला बसविले, तर सहा आणि पाच यांना मोठी टेबले मिळतात; दुसऱ्या पाचांना नकार मिळतो; चार, चार, तीन, तीन हे चारांची टेबले घेतात; दोन जोडपी दोनांच्या टेबलांवर बसतात आणि तिसरे जोडपे राहते. एकूण माणसे एकोणतीस. आधीच्या वाटणीतील दोष आता नेमका दिसतो : चौघांचा एक गट दारात असताना चारांचे एक टेबल जोडप्याला दिले गेले होते, तोटा चार वजा दोन, म्हणजे दोन माणसांचा.

एकोणतिसांहून अधिक माणसे कोणत्याही युक्तीने बसणार नाहीत, हे कशावरून? यासाठी सर्व वाटण्या तपासून पाहण्याची गरज नाही. पाच किंवा अधिक माणसांचे गट तीन आहेत आणि त्यांना मावणारी टेबले दोनच. म्हणून त्यांपैकी एक गट, म्हणजे निदान पाच माणसे, राहणारच. शिवाय एकूण गट दहा आणि टेबले आठ. म्हणून आणखी एक गट राहणारच, आणि सर्वांत लहान गट दोघांचा आहे. निदान सात माणसे उभी राहणार. छत्तिसातून सात गेले, एकोणतीस उरले. वाटणी कशीही केली तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही आणि वरील रीत ती गाठते. व्यवस्थापकाच्या एखाद्या निर्णयाविषयी शंका आली, तर पडताळणीची रीत हीच : ठराविक आकाराचे व त्याहून मोठे गट मोजावे, तेवढ्याच क्षमतेची व त्याहून मोठी टेबले मोजावी आणि तूट पाहावी.

आता सर्वसाधारण सिद्धता. कोणतीही एक मान्य वाटणी घ्यावी आणि ती मोठ्याकडून लहानाकडे जाणाऱ्या रीतीच्या वाटणीशी ताडून पाहावी. गट उतरत्या क्रमाने तपासत गेल्यास, दोन वाटण्यांचा निर्णय जेथे प्रथम भिन्न होतो तो गट ‘अ’ मानू. प्रथम असे समजू की रीतीने ‘अ’ला नाकारले, पण दुसऱ्या वाटणीने बसविले. हे अशक्य आहे. कारण रीतीने नाकारले याचा अर्थ ‘अ’ला मावणारी सर्व टेबले ‘अ’च्या आधीच्या गटांनी व्यापली होती, आणि तेच सर्व गट दुसऱ्या वाटणीतही बसले आहेत. ते ‘अ’पेक्षा लहान नसल्यामुळे तेथेही त्यांनी ‘अ’ला मावणारी तितकीच टेबले अडविलेली असणार. तेव्हा एकच शक्यता उरते : रीतीने ‘अ’ला बसविले, दुसऱ्या वाटणीने नाही. मग ‘अ’ला मावणारी टेबले आधीच्या गटांपेक्षा संख्येने अधिक आहेत, म्हणून दुसऱ्या वाटणीत असे एक टेबल एकतर रिकामे आहे किंवा त्यावर ‘अ’पेक्षा मोठा नसलेला, क्रमाने नंतरचा गट बसला आहे. त्या गटाला उठवून तेथे ‘अ’ला बसवावे. माणसांची संख्या घटत नाही. असे एकेक पाऊल टाकीत गेल्यास दुसरी वाटणी अखेरीस रीतीच्या वाटणीशी एकरूप होते आणि वाटेत कोठेही माणसे कमी होत नाहीत.

या सिद्धतेतून हाती येणाऱ्या दोन गोष्टी प्रथमदर्शनी ध्यानात येत नाहीत. पहिली अशी की, प्रत्येक पावलाला एका गटाच्या जागी एक गट येतो किंवा रिकाम्या जागी एक गट येतो. म्हणजे माणसांप्रमाणेच गटांची संख्याही घटत नाही. आरंभीची वाटणी सर्वाधिक गट बसविणारी घेतली, तरी शेवट त्याच ठिकाणी होतो. सर्वाधिक माणसे बसविणारी रीत सर्वाधिक गटही बसविते. ‘मोठ्या गटांना प्राधान्य दिले तर पुष्कळ लहान गट ताटकळतील’ ही स्वाभाविक भीती या साध्या रूपापुरती निराधार ठरते. अमुक गट बसेल की तमुक एवढेच बदलते, किती गट बसतील हे नाही.

दुसरी गोष्ट अधिक नवलाची आहे. गट उतरत्या क्रमाने घेतले की, मावणाऱ्या टेबलांपैकी नेमके कोणते दिले याने काहीच बिघडत नाही. चौघांना चारांचे टेबल द्या किंवा सहांचे मोकळे असल्यास ते द्या. पुढचा गट चौघांहून मोठा नसल्यामुळे त्याला दोन्ही चालली असती, आणि त्याच्यासाठी उरलेल्या टेबलांची संख्या दोन्ही प्रकारे तितकीच राहते. मावेल असे लहानांत लहान टेबल देण्याच्या ज्या शिस्तीमुळे मघाशी अकरा माणसांचा फरक पडला, तिचे महत्त्व गट आल्या क्रमाने घ्यावे लागतात म्हणूनच आहे. क्रम योग्य असेल तर ती शिस्त अनावश्यक. क्रम हाती नसेल तर तीच आधार.

या साधेपणाचे मूळ टेबलांच्या परस्परसंबंधात आहे. मोठ्या गटाला चालणारी टेबले लहान गटाला चालतातच. म्हणजे चालणाऱ्या टेबलांचे संच एकात एक बसणारे आहेत. संच असे नसतील तेव्हा कोणते गट एकाच वेळी बसू शकतात, याचे उत्तर फिलिप हॉल यांच्या १९३५ च्या प्रमेयात आहे : निवडलेल्या गटांचा कोणताही उपसमूह घेतला, तरी त्यातील एखाद्यास तरी चालणारी टेबले त्या उपसमूहाच्या संख्येपेक्षा कमी नसावीत. एकत्र बसविता येणाऱ्या गटांचे समूह मॅट्रॉइड या रचनेचे नियम पाळतात, हे एडमंड्स आणि फुल्कर्सन यांनी १९६५ मध्ये दाखविले. त्यामुळे मोठ्याकडून लहानाकडे जाण्याची रीत व्यापक परिस्थितीतही खरी ठरते. परंतु तेथे टेबलाची निवड निरुपद्रवी राहत नाही. चारांची दोन टेबले आहेत, एक वातानुकूलित दालनात आणि एक बाहेर, असे समजा. चौघांना कोठेही चालते. तिघांना मात्र आतच बसावयाचे आहे. चौघांना आत बसविले की तिघांना जागा नाही. त्यांना नकार देण्यापूर्वी चौघांना बाहेर हलविता येईल काय, आणि त्यासाठी आणखी कोणाला हलवावे लागेल काय, अशी साखळी तपासावी लागते. अशा साखळीला वर्धक मार्ग म्हणतात. कागदावर ती सोपी आहे. पाण्याचे पेले ओठांला लावलेल्या माणसांना प्रत्यक्षात उठविणे अर्थातच सोपे नाही, म्हणून ही तपासणी बसविण्यापूर्वीच व्हावी लागते.

आतापर्यंत सर्व गट एकाच वेळी दारात आहेत असे गृहीत धरले. प्रत्यक्षात ते एकामागून एक येतात, आणि उतरता क्रम लावावयाचा तर भविष्य ठाऊक असावे लागते. येथे प्रश्नाचे स्वरूप पालटते. चारांचे एकच टेबल मोकळे आहे आणि दारात एक जोडपे आहे. टेबल द्यावे, की चौघांच्या गटासाठी राखून ठेवावे?

या पेचाचे सर्वांत स्वच्छ उत्तर विमानकंपनीच्या कचेरीतून आले. ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशनमधील केन लिटलवुड यांनी १९७२ मध्ये स्वस्त तिकीट आत्ता विकावे की महागड्या तिकिटासाठी जागा राखावी, याचा नियम मांडला : हातात असलेली निश्चित प्राप्ती ही पुढील मोठ्या प्राप्तीच्या अपेक्षित मूल्याहून कमी नसेल तर ती स्वीकारावी. टेबलाच्या भाषेत, जोडप्याला बसविल्यास दोन माणसे निश्चित. राखून ठेवल्यास चार माणसे, पण चौघे येण्याच्या संभाव्यतेने गुणून. म्हणजे ती संभाव्यता अर्ध्याहून अधिक असेल तरच टेबल राखावे.

एक उदाहरण करून पाहू. स्वयंपाकघर साडेदहाला बंद होते, म्हणून या टेबलावर आता एकच गट बसणार आहे. चौघांचे गट तासाला सरासरी दोन या वेगाने, पॉयसाँ नियमाप्रमाणे, येतात. दहा वाजून पाच मिनिटांनी जोडपे आले, तर उरलेल्या २५ मिनिटांत चौघांचा निदान एक गट येण्याची संभाव्यता १ − e^(−०.८३३), म्हणजे सुमारे ०.५७ आहे, चारने गुणता अपेक्षा २.२६ माणसांची होते, म्हणून टेबल राखणे बरे. तेच जोडपे दहा वाजून दहा मिनिटांनी आले, तर संभाव्यता ०.४९ आणि अपेक्षा १.९५, आता जोडप्याला बसविणे बरे. पाच मिनिटांत निर्णय उलटतो. सीमारेषा बंद होण्यापूर्वी सुमारे २१ मिनिटांवर पडते.

हा हिशेब राखण्याच्या बाजूवर थोडा अन्याय करतो, हेही सांगितले पाहिजे. चौघे न आल्यास टेबल रिकामेच जाईल असे त्यात धरले आहे. परंतु शेवटच्या काही मिनिटांत दुसरे एखादे जोडपे येऊ शकते, किंवा पहिलेच जोडपे दहा मिनिटे थांबावयास तयार असते. ते थांबणार असेल तर तोवर राखण्याची किंमत जवळजवळ शून्य असते. म्हणून खरी सीमारेषा २१ मिनिटांच्या आणखी अलीकडे, बंद होण्याच्या वेळेच्या जवळ सरकते. टेबल रात्रभरात अनेकदा फिरणार असेल, तर गट किती वेळ बसतो हेही हिशेबात घ्यावे लागते आणि तुलना माणसांची नव्हे, तर दर मिनिटामागे बसलेल्या माणसांची होते. जोडपे ४५ मिनिटांत आणि चौघे ७० मिनिटांत उठतात असे धरल्यास, चौघांचे माप दोनांच्या दुप्पट राहत नाही, सव्वापटीच्या थोडे वर येते; आणि राखून ठेवण्याचा मोह बराच कमी होतो. अनेक टेबले, अनेक आकाराचे गट आणि आगाऊ नोंदणी या सर्वांसह हा प्रश्न दिमित्रिस बर्टसिमास आणि रोमी शिओडा यांनी २००३ मध्ये गणिती प्रतिमानांच्या रूपात मांडला. त्यांच्या विवेचनातही मूळ तोल हातातील गट आणि येऊ घातलेला गट यांतीलच आहे.

या पद्धतीत चूक होते ती सूत्रात नव्हे, तर संभाव्यतेच्या अंदाजात. सामान्यतः हा अंदाज जुन्या बिलांवरून बांधला जातो. परंतु ज्या मोठ्या गटाला जागा मिळाली नाही आणि जो परत गेला, त्याचे बिल कधी झालेच नाही. बिलांत मोठे गट म्हणूनच खऱ्या प्रमाणापेक्षा कमी दिसतात. मालक त्यावरून मोठी टेबले कमी करतो. आणि मोठे गट आणखीच परत जातात. दारात नावे लिहून घेणाऱ्याने परत गेलेल्यांची संख्याही टिपून ठेवली, तरच हे चक्र उघडे पडते. राखण्याचा निर्णय बरोबर होता की नाही, याची परीक्षाही त्याच वहीत होते. वरीलप्रमाणे दोनांविरुद्ध चारांसाठी जेव्हा जेव्हा टेबल राखले, त्यांपैकी निम्म्याहून कमी वेळा चौघे वेळेत आले असतील, तर संभाव्यता फुगवून धरली जात आहे, असे समजावे.

दुसरी गृहीत गोष्ट म्हणजे एका टेबलावर एकच गट. मुंबईतील इराण्याच्या हॉटेलात किंवा गर्दीच्या वेळी उडुपी उपाहारगृहात ही मर्यादा पाळली जात नाही. अनोळखी माणसे समोरासमोर बसून चहा घेतात. यामुळे खुर्च्या अधिक भरतात, हे उघड आहे. पण मोठ्याकडून लहानाकडे जाण्याची रीत येथे कोलमडते. सहा खुर्च्यांचे एक टेबल आणि ४, ३, ३ असे तीन गट घेतल्यास ती रीत चौघांना बसवून थांबते. दोन तिघांना एकत्र बसविले असते तर सहाही खुर्च्या भरल्या असत्या. माणसे आणि गट यांची मघाची एकवाक्यताही नाहीशी होते. त्याच टेबलासाठी ६, २, १ असे गट असतील, तर सहा माणसे बसविणे म्हणजे एकच गट, आणि दोन गट बसविणे म्हणजे तीनच माणसे. पंगतीची बेरीज आणि टेबलाची जुळणी यांच्या मधली ही अवस्था गणिताच्या दृष्टीने दोहोंपेक्षा अवघड आहे. टेबले व गट यांचे आकार आणि संख्या अनिर्बंध वाढू दिल्यास, सर्व टेबले काठोकाठ भरता येतील की नाही हे ठरविण्याची कोणतीही जलद सर्वसाधारण रीत ज्ञात नाही. गॅरी आणि जॉन्सन यांनी ‘एनपी-पूर्ण’ ठरविलेला त्रिविभाजनाचा प्रश्न याच रूपात बसविता येतो.

तथापि या काठिण्याचा बाऊ करण्याचे कारण नाही. ते आकार वाढत जातात तेव्हाचे आहे. सहा खुर्च्यांचे टेबल एक ते सहा माणसांच्या गटांनी पूर्ण भरण्याचे प्रकार अवघे अकरा आहेत, आणि काही खुर्च्या मोकळ्या सोडल्या तरी, रिकामे टेबल धरून, एकूण तीसच होतात. कोणता प्रकार किती टेबलांवर वापरावयाचा, एवढीच अज्ञात पदे घेऊन मांडलेला पूर्णांकी रेषीय प्रश्न संगणक क्षणात सोडवितो.

टेबले एकमेकांस जोडण्याची सोय वरवर पाहता याच जातीची वाटते, परंतु तिची खरी अडचण वेळेच्या बाजूने येते. शेजारची दोन चारांची टेबले जोडून सात जणांना बसवावयाचे तर दोन्ही टेबले एकाच वेळी मोकळी हवीत. एक मोकळे झाले आणि दुसऱ्यावरील मंडळी अजून कॉफीची वाट पाहत असतील, तर पहिले टेबल तोवर अडवून ठेवावे लागते. कॉर्नेल विद्यापीठातील गॅरी थॉम्पसन यांनी २००२ मध्ये जोडता येणारी टेबले आणि ठराविक आकाराची टेबले यांची तुलना संगणकीय अनुकरणाने केली, तेव्हा तिच्या मुळाशी हाच प्रश्न होता : जोडणीने मिळणारी लवचीकता आणि वाट पाहण्यात वाया जाणारी मिनिटे. जेथे टेबले थोडी, तेथे जोडल्यावाचून मोठ्या गटाची सोयच होत नाही. टेबले पुष्कळ असली, तर योग्य आकाराचे एखादे टेबल लवकरच मोकळे होते आणि शेजारच्या टेबलासाठी थांबून राहणे तोट्याचे ठरते.